पोहे, वरण-पोळी, खिचडी: एका वेळच्या जेवणात ल्युसिन किती जातं ते घरच्या काट्यावर कसं मोजायचं

गेल्या उन्हाळ्यात इंदूरला रामबागेत मावशीकडे गेले होते. तिचं वय 67, वजन 60 किलो, शुगर नाही, बीपीची एक गोळी, बाकी तब्येत ठणठणीत. पूजा आटपून पाटावरून उठताना तिने आधी डावा हात जमिनीला टेकला, मग उजवा हात देव्हाऱ्याच्या कडेला धरला आणि मग कुठे उभी राहिली. मी विचारलं गुडघे दुखतात का, तर म्हणाली, "दुखत नाही गं, जोरच लागत नाही." हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं कारण मी आहाराचंच काम करते आणि ज्याला आपण वय झालं म्हणतो त्यातला बराच भाग मांडीचे मसल कमी झाल्याचा असतो, सांध्यांचा नसतो.

मावशीचं म्हणणं असं की मी डाळ, दही, दूध, शेंगदाणे सगळं खाते, मग प्रोटीन कमी कसं पडेल. आणि ती चूक नव्हती. मी दोन दिवस तिच्याकडे राहून काट्यावर सगळं मोजलं तेव्हा दिवसाचं प्रोटीन बरोबर 50 ग्रॅम निघालं. आयसीएमआर आणि त्यांच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे एनआयएनने, 2020 मध्ये मोठ्या माणसासाठी दर किलो वजनाला 0.83 ग्रॅम सांगितलंय, म्हणजे 60 किलोला 50 ग्रॅम. कागदावर मावशी पास. पण तेच 50 ग्रॅम पाच वेळांमध्ये इतकं पातळ वाटलं गेलं होतं की एकाही वेळेला मसल बनायला जो धक्का लागतो तो मिळत नव्हता. हा लेख त्या वाटणीबद्दल आहे, ती आपल्या घरी कशी मोजायची आणि तेच पदार्थ वापरून कशी बदलायची त्याबद्दल.

ल्युसिन म्हणजे काय, थोडक्यात

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्यातली नऊ शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती जेवणातूनच यावी लागतात, आणि त्या नऊपैकी एक ल्युसिन. ही बाकीच्यांसारखी वीट तर आहेच पण शिवाय मुकादमही आहे, रक्तात ल्युसिन पटकन वाढलं की मसलच्या पेशीला कळतं की माल आलाय, आता काम सुरू करा. पेशीत एमटॉर नावाची यंत्रणा असते ती त्यामुळे चालू होते आणि पुढचे काही तास नवीन मसल प्रोटीन बनण्याचा वेग वाढतो. तरुण माणसात एका वेळेला साधारण 2 ते 2.5 ग्रॅम ल्युसिनवर हे छान होतं. साठीनंतर पेशी थोडी बहिरी होते, त्याच आवाजाला तितकी जागी होत नाही, म्हणून 2.5 ते 3 ग्रॅम धरतात. प्रोटीनच्या भाषेत सांगायचं तर तरुणाला एका वेळेला दर किलो वजनाला 0.24 ग्रॅमच्या आसपास पुरतं आणि वयस्कर माणसाला 0.4 ग्रॅम लागतं. मावशीसाठी 0.4 गुणिले 60 म्हणजे 24 ग्रॅम.

एक गोष्ट आधीच सांगते, हा आकडा दिव्याच्या बटणासारखा नाहीये की 2.4 ला अंधार आणि 2.5 ला उजेड. हे आकडे बरेचसे अंड्याच्या किंवा दुधाच्या प्रोटीनवर, प्रयोगशाळेत निघालेत. त्याला अंदाजाची रेघ समजा. पण मावशीच्या सकाळच्या पोह्यात ते 0.8 ग्रॅम निघालं, म्हणजे रेघेच्या एक तृतीयांश, आणि तिथे बारीकसारीक वाद करायची गरजच पडत नाही.

पहिली पायरी: कच्चं वजन लिहा, वाटी विसरा

वाटीने मोजायचं बंद करा ही माझी पहिली अट. आमच्याकडे एक वाटी वरण म्हणजे सासूबाईंच्या हातचं वेगळं आणि माझ्या हातचं वेगळं, एकात डाळ 15 ग्रॅम असते तर दुसऱ्यात 35. प्रोटीन डाळीत असतं, पाण्यात नसतं. म्हणून कुकर लावायच्या आधी कोरडी डाळ काट्यावर ठेवा, लिहा, आणि किती जणांनी किती खाल्लं त्या हिशोबाने वाटा. मावशीकडे तिघांसाठी 75 ग्रॅम तुरीची डाळ लागते, म्हणजे तिच्या वाट्याला 25. कणकेचंही तसंच, मळायच्या आधीचं पीठ भागिले पोळ्या. तिची एक पोळी 25 ग्रॅम पिठाची निघाली.

काटा साधा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा चालतो. दोन दिवस पुरे, एक नेहमीचा दिवस आणि एक रविवार. आणि त्या दोन दिवसात मुद्दाम चांगलं जेवू नका, नाहीतर हिशोब वहीचा होतो आणि पोट तसंच राहतं.

दुसरी पायरी: प्रोटीन काढा

यासाठी मोठा तक्ता नको, घरातल्या दहा-बारा गोष्टी पाठ झाल्या की झालं. 100 ग्रॅम कोरड्या डाळीत 22 ते 24 ग्रॅम प्रोटीन, बेसनात 22 च्या आसपास, शेंगदाण्यात 25, कणकेत 11, तांदूळ आणि पोह्यात 7, दुधात आणि घरच्या दह्यात सव्वातीनच्या जवळपास, पनीरमध्ये 18, सोयाबीनच्या वड्यांमध्ये 52 आणि स्किम्ड मिल्क पावडरमध्ये 35. म्हशीच्या दुधात थोडं जास्त असतं पण तो फरक इथे सोडून द्या.

पनीरचा आकडा फिरतो, पाणी जास्त ठेवलेलं मऊ पनीर असेल तर कमी. घरी करत असाल तर दाबून घट्ट केलेलं घ्या.

तिसरी पायरी: प्रोटीनवरून ल्युसिन

इथे सगळे घाबरतात पण हा एका ओळीचा गुणाकार आहे. दुधाच्या सगळ्या पदार्थांमध्ये प्रोटीनचा साडेनऊ ते दहा टक्के भाग ल्युसिन असतो. डाळी आणि सोयामध्ये साडेसात टक्के धरा, तांदळात आठ, गव्हात सात, शेंगदाण्यात साडेसहा. म्हणजे 10 ग्रॅम प्रोटीन दुधातून आलं तर जवळजवळ 1 ग्रॅम ल्युसिन, आणि तेच डाळीतून आलं तर पाऊण.

मग डाळीतून आलेल्या ल्युसिनमधून चौथा हिस्सा मी कापते. डाळीचं प्रोटीन दुधाइतकं पूर्ण पचत नाही, काही भाग आतड्यातून तसाच पुढे निघून जातो, सालीच्या कडधान्यात जास्त आणि साल काढलेल्या डाळीत कमी. भिजवून नीट शिजवली की सुधारतं. चौथा हिस्सा ही माझी सोयीची कापाकापी आहे, दर पदार्थाला वेगळा आकडा धरत बसलं तर कोणी हिशोबच करणार नाही.

मावशीचा दिवस, काट्यावर

सकाळी पोहे. आता इंदूरच्या माणसाला पोह्यांविरुद्ध काही सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं आहे आणि मला तसं काही सांगायचंही नाहीये, वाफेवर ठेवलेले मऊ पोहे, वर जीरावन मसाला, शेव, डाळिंबाचे दाणे, ते तसेच राहूदेत. फक्त आत काय आहे ते बघा. पोहे 60 ग्रॅम, शेंगदाणे 10, शेव 10, आणि चहातलं दूध 60 मिली. प्रोटीन 10 ग्रॅम, ल्युसिन 0.8. जिलबीचा एक वेढा होता, त्यातून ना इकडे ना तिकडे. लोकांना वाटतं शेव बेसनाची म्हणजे प्रोटीन मिळालं, पण 10 ग्रॅम शेवेत निम्म्याच्या आसपास तेल जातं आणि हातात येतं दीड ग्रॅम.

दुपारी तीन पोळ्या, 25 ग्रॅम डाळीचं वरण, थोडा भात, दुधीची भाजी, छोटी वाटी दही. प्रोटीन 20 ग्रॅम, हे ऐकायला छान वाटतं, पण त्यातलं 8 ग्रॅम पोळ्यांचं आहे आणि ल्युसिन जेमतेम 1.45. संध्याकाळी चहा आणि दोन बिस्किटं, 3 ग्रॅम. रात्री मुगाची खिचडी, 40 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ, सोबत कढी आणि उडदाचा एक पापड, 12 ग्रॅम प्रोटीन आणि ल्युसिन 1 च्या खाली. झोपताना हळदीचं दूध 150 मिली, 5 ग्रॅम.

बेरीज 50. दिवसभरात ल्युसिन 4 ग्रॅम. म्हणजे गंमत अशी की तिच्या ताटात दिवसाला एक अख्खी वेळ रेघ ओलांडेल इतकं ल्युसिन होतं आणि वर थोडं उरतही होतं, पण पाच ठिकाणी विभागल्यामुळे एकदाही ओलांडत नव्हतं. मावशीला मी पाच कागदी कप ठेवून पाणी ओतून दाखवलं, प्रत्येक कपात थोडं थोडं, एकही भरलेला नाही. त्यावर ती म्हणाली, "मग दोन कप भर की, पाची कशाला भरायचे?" हेच करायचं होतं.

चौथी पायरी: कुठल्या दोन वेळा भरायच्या ते ठरवा

सगळ्या वेळा भरायला जाऊ नका. साठीपुढच्या माणसाला भूकच कमी असते, तिन्हीत्रिकाळ 25-30 ग्रॅम प्रोटीन ठेवलं तर चौथ्या दिवशी ताट परत येतं. दोन वेळा निवडा. एक जी रेघेच्या सर्वात जवळ आहे ती, म्हणजे बहुतेक घरात दुपारचं जेवण. दुसरी सकाळ, कारण रात्रभर पोट रिकामं असतं, मसल त्या वेळात झिजत असतो आणि आपल्याकडे नेमकी तीच वेळ पोहे, उपमा, साबुदाणा खिचडी यांच्यात जाते. साबुदाण्यात तर प्रोटीन जवळजवळ नाहीच, जे काही येतं ते शेंगदाण्याच्या कुटातून.

रात्रीची खिचडी मी जशीच्या तशी ठेवली. पचायला हलकी, मावशीला झोप चांगली लागते, तिला हात लावायचं कारण नव्हतं.

पाचवी पायरी: सकाळ

मुगाची धिरडी, पनीर भरून. रात्री 50 ग्रॅम पिवळी मुगाची डाळ भिजत घालायची, साल असलेली नको. सकाळी ते पाणी टाकून आलं, हिरवी मिरची, जिरं, हिंग घालून वाटायची. पीठ पळीतून सरसर खाली पडेल इतकंच सैल, जास्त पाणी झालं तर तव्याला चिकटतं आणि मग लोक तेल वाढवत बसतात. तवा आधी चांगला तापू द्या, पाण्याचा शिंतोडा टाकल्यावर थेंब नाचत उडाले की गॅस बारीक करा, मग डाव ओतून आतून बाहेर फिरवा. कडा सुटल्या की 50 ग्रॅम किसलेलं पनीर, कोथिंबीर आणि थोडं जीरावन पसरून घडी घाला. मावशीची अशी दोन होतात.

सोबत 200 मिली कोमट दूध आणि त्यात 10 ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर. पावडर आधी दोन चमचे गार दुधात कालवून घ्या, थेट गरम दुधात टाकली की गुठळ्या होतात आणि मग म्हातारी माणसं ते दूध तसंच ठेवून देतात. हे झोपतानाचंच दूध आहे, मी ते फक्त सकाळी आणलंय.

हिशोब: डाळीतून 12 ग्रॅम प्रोटीन, पनीरमधून 9, दुधातून साडेसहा, पावडरमधून साडेतीन, झालं 31. ल्युसिन पावणेतीनच्या थोडं वर, आणि मुगाचा चौथा हिस्सा कापल्यावर 2.55. आलं रेघेवर.

आणि पोह्यांचं काय, हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला आला. आठवड्यातून दोनदा पोहे ठेवलेत. पोहे 40 ग्रॅम, शेंगदाणे 15, त्यातच 30 ग्रॅम पनीरचे बारीक तुकडे शेवटी टाकून एक वाफ, आणि बाजूला 250 मिली दुधात 20 ग्रॅम पावडर. प्रोटीन 27 ग्रॅमच्या आसपास आणि ल्युसिन अडीच. पोह्यांनी त्यात फार काही केलं नाही, काम दूध आणि पनीरनेच केलं, पण सकाळ पोह्यांचीच राहिली आणि ते महत्त्वाचं आहे कारण नाहीतर हे सगळं महिन्याभरात बंद पडतं.

दूध पचत नसेल तर दही घ्या, दह्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, थोडी कमी असते आणि बहुतेकांना सोसतं. 300 ग्रॅम दही फडक्यात अर्धा-पाऊण तास टांगून ठेवलं की खायला आटोपशीर होतं, निवळी निघते त्यात थोडं प्रोटीन जातं म्हणून ती कणकेत घाला.

सहावी पायरी: दुपार

दुपारी मी काहीच नवीन आणलं नाही, फक्त प्रमाणं फिरवली. तीन पोळ्यांच्या दोन, भात काढला, वरण पातळऐवजी घट्ट आणि तिच्या वाट्याची कोरडी डाळ 25 वरून 40 ग्रॅम. दही छोट्या वाटीवरून 200 ग्रॅम. आणि भाजीत 60 ग्रॅम पनीर, नाहीतर 25 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, एक दिवस हे एक दिवस ते. पनीरच्या दिवशी प्रोटीन 34 ग्रॅम, ल्युसिन 2.8, डाळीची काट करून 2.6. वड्यांच्या दिवशी डाळ आणि वड्या दोन्हीवर काट लावली तर 2.35 च्या आसपास येतं, थोडं खाली, पण सोयाचं प्रोटीन डाळींपेक्षा बरंच चांगलं पचतं म्हणून मी ते चालवून घेते.

सोयाच्या वड्या बऱ्याच घरात नको होतात त्याचं कारण त्यांचा वास, आणि वास राहतो कारण त्या नीट पिळल्या जात नाहीत. उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं, गार पाण्यात काढून घट्ट पिळायच्या, परत पाणी, परत पिळायच्या, पिळलेलं पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत. मग त्या बारीक चिरून कांदा-टोमॅटोवर परतल्या की मावशीच्या घरी कोणी ओळखलंसुद्धा नाही. 25 ग्रॅम कोरड्या म्हणजे मूठभर दिसतात, भिजल्यावर वाटीभर होतात, म्हणून वजन कोरड्याचंच करा.

आता तिच्या दिवसाचं एकूण प्रोटीन 80 ग्रॅम झालं, दर किलोला 1.3 च्या थोडं वर. ज्येष्ठांसाठी तज्ज्ञांनी 1.0 ते 1.2 सांगितलंय, हे त्याहून जरा जास्त आहे, पण रोज ताट पूर्ण संपतंच असं नाही म्हणून मी ती जागा मुद्दाम ठेवली. मात्र किडनीचा आजार असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हे वाचून काहीही सुरू करू नका, आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. मावशीची आम्ही आधी तपासणी करून घेतली होती.

लोक जिथे फसतात त्या जागा

मोड आलेले मूग. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की मोड आले की प्रोटीन वाढतं. वाढतं ते पाणी. मोड आलेल्या वाटीभर मुगात कोरडे मूग 30-35 ग्रॅम असतात, म्हणजे प्रोटीन 7-8 ग्रॅम. खा जरूर, चांगलेच आहेत, पण सकाळचं सगळं प्रोटीन त्यांच्यावर सोपवू नका.

मग भुट्टा. इंदूरच्या सराफा बाजारात उभं राहून भुट्ट्याचा कीस खाताना मला एका मुलाने सांगितलं होतं की मक्याच्या प्रोटीनमध्ये ल्युसिन खूप जास्त असतं, त्याने कुठेतरी वाचलं होतं. खरं आहे, मक्यात आणि ज्वारीत प्रोटीनचा 12-13 टक्के भाग ल्युसिन असतो, दुधापेक्षाही जास्त. पण कोवळ्या मक्याच्या 100 ग्रॅममध्ये प्रोटीनच तीन-सव्वातीन ग्रॅम, त्याचे 12 टक्के म्हणजे 0.4. आणि दुसरी अडचण मोठी आहे, या धान्यांमध्ये लायसिन नावाचं दुसरं अमिनो आम्ल फार कमी असतं. मुकादमाने हाक मारली पण विटाच नाहीत असं होतं. म्हणूनच भाकरीबरोबर डाळ लागते, डाळीत लायसिन भरपूर असतं.

याच कारणाने नुसती ल्युसिनची किंवा ल्युसिनसकट तीनच अमिनो आम्लं असलेली बीसीएएची पावडर पाण्यात ढवळून पिण्यात मला अर्थ वाटत नाही. हाक जाते, काम सुरू होतं आणि माल नसल्याने लवकर थांबतं. अगदीच जेवण जात नसेल, आजारपणानंतर वगैरे, तर त्यापेक्षा दुधाच्या निवळीतून काढलेल्या व्हे प्रोटीनचा एक डाव बरा, 24 ग्रॅम प्रोटीनमध्ये ल्युसिन अडीचच्या जवळ आणि बाकीची आठही बरोबर येतात. पण मावशीसारख्या घरात जिथे रोज दूध विरजलं जातं तिथे मला त्याची गरज पडली नाही.

आणि एक चूक माझ्याही हातून झाली. पहिल्या आठवड्यात मी डाळ एकदम 25 वरून 50 केली आणि मावशीचं पोट दोन दिवस गच्च फुगलं, तिने मला फोनवर स्पष्ट सांगितलं की हे मला झेपणार नाही. मग दर चार-पाच दिवसांनी 5 ग्रॅम असं वाढवत 40 वर थांबलो, डाळ दोन तास भिजवून, वरचा फेस काढून, हिंगाची फोडणी. तीन आठवड्यात पोट शांत झालं. तुम्ही सरळ 5-5 ग्रॅमनेच वाढवा.

कोणाला हे सगळं करायची गरज नाही

पंचवीस-तीस वर्षांचा मुलगा, जिमला जातोय आणि दिवसाला दर किलोला दीड-एक ग्रॅम प्रोटीन खातोय, त्याने प्रत्येक वेळचं ल्युसिन मोजत बसू नये. 2021 मध्ये ब्राझीलमध्ये तरुण मुलांवर एक अभ्यास झाला, एक गट पूर्ण शाकाहारी, दूधसुद्धा नाही, वरून सोया प्रोटीन, दुसरा गट मांस-अंडी-दूध खाणारा आणि वरून व्हे, दोघांचंही दिवसाचं प्रोटीन दर किलोला 1.6 ग्रॅम, दोघांनाही बारा आठवडे पायाचा वजनाचा व्यायाम. मसल आणि ताकद दोन्ही गटात सारखीच वाढली. एकूण भरपूर असलं आणि वय तरुण असलं की प्रोटीन कुठून आलं याचा फरक पुसला जातो. एकूण कमी असतं आणि वय जास्त असतं तेव्हाच वाटणी बोलते.

कळणार कसं

वजनावर जाऊ नका, मसल अर्धा किलो वाढला आणि चरबी तेवढीच गेली तर काटा हलणारही नाही. साधी खुर्ची घ्या, हात नसलेली, भिंतीला टेकवलेली. दोन्ही हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं, मोबाइलवर सेकंद मोजा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने 2019 मध्ये 12 सेकंद किंवा जास्त लागले तर इशारा मानायला सांगितलंय. तोल जात असेल तर शेजारी कोणाला तरी उभं करा.

मावशीला पहिल्या दिवशी 17 सेकंद लागले होते आणि पाचव्या वेळी ती जवळजवळ धपकन बसली.

आणि हीच खुर्ची तिचा व्यायामही झाली, कारण नुसत्या ताटाने काम होत नाही. ज्या मसलवर ताण पडतो तो पुढचा अख्खा दिवस ल्युसिनची हाक जास्त चांगली ऐकतो, ताण नसेल तर त्याच ताटाचा परिणाम निम्माच जाणवतो असं मी माझ्या कामात कायम बघते. आठवड्यातून तीन दिवस, दुपारच्या जेवणाआधी, आठ-आठ वेळा उठबस असे तीन फेरे, मधे दोन मिनिटं आराम. खाली बसताना मनात तीन आकडे मोजत हळू बसायचं, खरा ताण तिथेच पडतो. दोन आठवड्यांनी सोपं वाटायला लागलं तेव्हा छातीशी एक किलो साखरेची पिशवी धरली, मग दोन किलो. रोजचं चालणं चालू ठेवलं पण ते याच्या जागी धरलं नाही.

चौथ्या आठवड्यात 16 सेकंद, मावशी थोडी हिरमुसली. सातव्यात 14. मधे लग्नाच्या गडबडीत दहा दिवस सगळं सुटलं, नाश्ता परत चहा-टोस्टवर आला, नवव्या आठवड्यात परत 15. मग पुन्हा धिरडी सुरू झाली, आणि बाराव्या आठवड्याच्या रविवारी मी गेले तेव्हा 12 आला. आम्ही दोघींनी दोनदा मोजला, दोन्ही वेळा 12.

रेघ अजून ओलांडायचीये, पुढचं वजन अडीच किलो ठरलंय. त्या दिवशी आरती झाल्यावर ती पाटावरून उठली तेव्हा डावा हात जमिनीला लागला, उजव्या हातात निरांजन होतं.